पाटीवर ‘सल्लागार’ लिहिलंय, पण तो सल्लागार आहे का?

समजा, मालवणच्या बाजारपेठेत एक पाटी आहे: ‘गुंतवणूक सल्लागार. म्युच्युअल फंड आणि विमा. खात्रीशीर १५ टक्के परतावा. पहिला हप्ता आमच्याकडून.’ चार वाक्यांच्या या जाहिरातीत तीन चुका आहेत.

‘सल्लागार’ कोण?

कमिशनवर म्युच्युअल फंड विकणारा माणूस नियमांच्या भाषेत ‘वितरक’ असतो. सेबीने २०२० मध्ये नियम बदलले. तेव्हापासून सेबीकडे वेगळी नोंदणी नसलेल्या वितरकाला स्वतःला स्वतंत्र आर्थिक सल्लागार किंवा वेल्थ अ‍ॅडव्हायझर म्हणवता येत नाही. नोंदणीकृत सल्लागाराचा क्रमांक INA या अक्षरांनी सुरू होतो आणि तो ग्राहकाकडून फी घेतो. वितरकाला मात्र फंड कंपनी कमिशन देते. त्यामुळे पाटीवर ‘म्युच्युअल फंड वितरक’ असं हवं आणि सोबत ARN क्रमांक हवा.

हा क्रमांक मिळण्यासाठी साधारणपणे एनआयएसएमची व्ही-ए परीक्षा पास व्हावी लागते. त्यानंतर अ‍ॅम्फी ही फंड कंपन्यांची संघटना नोंदणी करते. नोंदणीची मुदत तीन वर्षांची असते. amfiindia.com वर वितरक शोधण्याची सोय आहे. तिथे ARN टाकून नाव जुळतं का आणि मुदत शिल्लक आहे का, ते बघा.

परतावा आणि हप्ता

बाजारावर चालणाऱ्या फंडात परताव्याची खात्री कुणीच देऊ शकत नाही. त्यामुळे ‘खात्रीशीर १५ टक्के’ दिसलं की तिथेच थांबा.

दुसरी चूक विम्यातली आहे. ग्राहकाचा हप्ता स्वतः भरणं किंवा कमिशनमधला वाटा परत देणं याला विमा कायद्याच्या कलम ४१ नुसार मनाई आहे. सवलत घेणारा ग्राहकही या कलमातून सुटत नाही. शिवाय एजंटने स्वतः केलेल्या विम्याच्या जाहिरातीला विमा कंपनीची आधी लेखी मंजुरी लागते.

मग सांगायचं काय?

सेवा सांगायला आडकाठी नाही. केवायसी करून देणं, वारस नोंदवणं, खातेदाराच्या मृत्यूनंतर युनिट्स वारसाच्या नावावर करण्याचे कागद भरणं, विम्याच्या दाव्यात मदत करणं, हे सगळं लिहिता येतं. जून-जुलैच्या मासेमारी बंदीत ज्यांची आवक थांबते, त्यांना एसआयपी काही महिने थांबवण्याचा अर्ज भरून देणं ही मालवणात खरी उपयोगी सेवा आहे. मात्र ही सोय प्रत्येक योजनेत नसते.

दुरुस्त पाटी अशी होईल: ‘अ‍ॅम्फी-नोंदणीकृत म्युच्युअल फंड वितरक. ARN क्रमांक आणि मुदत. केवायसी, वारस नोंद, एसआयपीची कामे. म्युच्युअल फंडातील गुंतवणूक बाजारातील जोखमीच्या अधीन आहे, योजनेची सर्व कागदपत्रे काळजीपूर्वक वाचा.’ विम्याची जाहिरात कंपनीची मंजुरी आल्यावर वेगळी लावावी.

पाटी बरोबर असली, तरी माणूस योग्य फंड सुचवेलच असं नाही. म्हणून अर्जावर सही करण्याआधी विचारा: या योजनेत तुम्हाला किती कमिशन मिळतं? ते सांगणं वितरकावर बंधनकारक आहे.