संयुक्त प्रकल्पाचे अंदाजपत्रक: प्रमुख संस्था, भागीदार आणि प्रत्येकाचा वाटा

एका प्रकल्पासाठी दोन किंवा अधिक स्वयंसेवी संस्था एकत्र येतात, तेव्हा देणगीदार बहुधा त्यांच्यापैकी एकाच संस्थेशी करार करतो. या संस्थेला प्रमुख संस्था म्हणतात. सगळे अनुदान तिच्या खात्यात येते आणि ती भागीदार संस्थांचा वाटा त्यांना वर्ग करते. देणगीदाराला पूर्ण रकमेचा हिशोब देण्याची जबाबदारीही तिचीच असते. म्हणून भागीदाराच्या हातून झालेला प्रत्येक रुपयाचा खर्च प्रमुख संस्थेला दाखवता येईल अशा रीतीने अंदाजपत्रक आखावे लागते.

अंदाजपत्रकाची मांडणी

मराठवाड्यातील पाणलोट विकासाचा एक वर्षाचा काल्पनिक प्रकल्प घेऊ. भारतीय देणगीदाराने ६० लाख रुपये मंजूर केले आहेत. ‘क’ ही प्रमुख संस्था बांधबंदिस्ती करते, ‘ख’ महिला गटांसोबत काम करते आणि ‘ग’ माती व पाण्याची तपासणी करते.

‘भागीदारांना वर्ग: ३० लाख’ अशी एकच ओळ लिहिणे ही नेहमीची चूक आहे. त्या ओळीवरून पैसा कशासाठी आहे हे कळत नाही आणि नंतर खर्च ताडून पाहता येत नाही. त्याऐवजी खर्चाची शीर्षके ओळींमध्ये आणि संस्था स्तंभांमध्ये मांडतात.

| शीर्षक (लाख रुपये) | क | ख | ग | एकूण |
|---|---|---|---|---|
| पगार व मानधन | १० | ७ | ४ | २१ |
| प्रत्यक्ष काम | १४ | ९ | ७ | ३० |
| समन्वय व लेखापरीक्षण | ३ | ० | ० | ३ |
| प्रशासकीय खर्च | ३ | २ | १ | ६ |
| एकूण | ३० | १८ | १२ | ६० |

यातील शेवटच्या शीर्षकावर सर्वांत जास्त वाद होतात. समजा, करारानुसार प्रशासकीय खर्चाची मर्यादा एकूण अनुदानाच्या १० टक्के, म्हणजे ६ लाख आहे. प्रमुख संस्थेने ६० लाखांवर १० टक्के धरले आणि भागीदारांनीही आपापल्या वाट्यावर १० टक्के लावले, तर बेरीज ९ लाखांवर जाते. भागीदारांच्या ३० लाखांवर प्रशासकीय खर्च दोनदा लागतो. मर्यादा एकच असेल, तर तिचे वाटप आधी ठरवून करारात लिहावे लागते. भागीदारांचे अहवाल तपासणे, बैठका घेणे, लेखापरीक्षण करून घेणे ही प्रमुख संस्थेची जादा कामे आहेत. ती प्रशासकीय खर्चात न मिसळता वेगळ्या ओळीत, देणगीदाराच्या संमतीने दाखवलेली बरी.

वर्ग केलेली रक्कम हे अग्रिम असते

पहिल्या हप्त्यात ३० लाख आले. प्रमुख संस्थेने ‘ख’ला ९ लाख व ‘ग’ला ६ लाख दिले आणि स्वतःकडे १५ लाख ठेवले. या टप्प्यावर प्रकल्पाचा खर्च शून्य आहे. १५ लाख रुपये एका बँक खात्यातून इतर खात्यांत गेले आहेत, एवढेच झाले आहे.

म्हणून प्रमुख संस्थेच्या वहीत प्रत्येक भागीदाराच्या नावे स्वतंत्र अग्रिम खाते उघडतात. रक्कम दिली की ती या खात्याला नावे पडते. भागीदाराने शीर्षकवार खर्चाचे विवरण आणि उपयोगिता प्रमाणपत्र दिले, प्रमुख संस्थेने ते तपासले, की मान्य झालेली रक्कम खर्च खात्याला नावे आणि अग्रिम खात्याला जमा होते. अग्रिम खात्यात जे उरते, ते भागीदाराकडे शिल्लक असलेले प्रकल्पाचे पैसे.

सहा महिन्यांनी स्थिती अशी आहे.

| (लाख रुपये) | मिळाले | खर्च | शिल्लक |
|---|---|---|---|
| क | १५ | १३ | २ |
| ख | ९ | ५ | ४ |
| ग | ६ | ६ | ० |
| एकूण | ३० | २४ | ६ |

खरा खर्च २४ लाख, म्हणजे हप्त्याच्या ८० टक्के आहे. वर्ग केलेले १५ लाख खर्चच धरले, तर तो २८ लाख, म्हणजे सुमारे ९३ टक्के दिसतो. पुढच्या हप्त्यासाठी ८५ टक्के खर्चाची अट असेल, तर चुकीच्या नोंदीमुळे प्रमुख संस्था तो हप्ता चुकीच्या प्रमाणपत्रावर उचलते. लेखापरीक्षणात ‘ख’कडचे ४ लाख उघडकीस आले, की रक्कम परत करण्याची वेळ ‘क’वर येते, कारण सही तिची असते.

ही चूक ओळखण्याची एक खूण आहे. एखाद्या भागीदाराचा खर्च प्रत्येक वेळी मिळालेल्या हप्त्याएवढाच, रुपयाचाही फरक न पडता दिसत असेल, तर त्याने खर्चाऐवजी हप्ताच लिहिला असण्याची शक्यता असते. अशा वेळी अग्रिम खात्यातील शिल्लक भागीदाराच्या प्रकल्पवहीतील आणि बँकेतील शिल्लकेशी ताडून पाहावी. वरच्या उदाहरणात ‘ग’चा आकडाही तपासायला हवा. तो खरा असू शकतो, पण पावत्या पाहिल्याशिवाय मान्य करू नये.

विदेशी देणगी असेल तर

वरची रचना देशांतर्गत पैशासाठीच चालते. विदेशी योगदान नियमन कायद्याच्या कलम ७ मध्ये २०२० साली बदल झाला आणि २९ सप्टेंबर २०२० पासून विदेशी योगदान दुसऱ्या संस्थेला वर्ग करण्यावर बंदी आली. दोन्ही संस्थांची या कायद्याखाली नोंदणी असली, तरी बंदी लागू राहते. त्यामुळे देणगीदाराला प्रत्येक संस्थेशी स्वतंत्र करार करावा लागतो आणि पैसा थेट तिच्या स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतील विशेष खात्यात पाठवावा लागतो. प्रशासकीय खर्चाची २० टक्क्यांची कायदेशीर मर्यादाही प्रत्येक संस्थेने स्वतंत्रपणे पाळायची असते. अंदाजपत्रकाचा तक्ता संयुक्त राहू शकतो, पण ‘प्रमुख’ हे पद फक्त समन्वयापुरते उरते.

प्राप्तिकराचा हिशोब वेगळा

करसवलत मिळवणाऱ्या धर्मादाय संस्थेने साधारणपणे वर्षाच्या उत्पन्नाच्या ८५ टक्के रक्कम उद्दिष्टांसाठी वापरायची असते. २०२३ च्या वित्त कायद्याने केलेल्या बदलानुसार, दुसऱ्या नोंदणीकृत धर्मादाय संस्थेला दिलेल्या देणगीपैकी फक्त ८५ टक्के रक्कम ‘वापर’ म्हणून धरली जाते. हा नियम १ एप्रिल २०२४ पासून लागू झाला. दिलेली रक्कम समोरच्या संस्थेच्या कायम निधीसाठी असेल, तर ती मुळीच धरली जात नाही.

‘क’चे ६० लाखांव्यतिरिक्त उत्पन्न नाही आणि भागीदारांना दिलेली रक्कम देणगी ठरते, असे समजू. मग ‘क’ने ५१ लाखांचा वापर दाखवायला हवा. भागीदारांना दिलेले ३० लाख आता २५.५ लाखच मोजले जातात. ३१ मार्चपर्यंत ‘क’चा स्वतःचा खर्च २४ लाखच झाला असेल, तर वापर ४९.५ लाख होतो आणि दीड लाख कमी पडतात. जुन्या पद्धतीने तो ५४ लाख झाला असता आणि अडचण आली नसती.

हा फटका टाळायचा, तर दोन गोष्टी अंदाजपत्रक ठरवतानाच सनदी लेखापालाकडून पक्क्या करून घ्याव्यात. भागीदारांना जाणारी रक्कम करारानुसार देणगी ठरते की नाही, ही पहिली. वर्षअखेरीस ‘क’चा स्वतःचा किती खर्च झालेला असायला हवा, ही दुसरी. वरच्या आकड्यांप्रमाणे तो किमान २५.५ लाख असायला हवा आणि हप्त्यांच्या तारखा त्यानुसार ठरवाव्यात.