ब्लीड (मुद्रण)

कापरेषेच्या बाहेर मुद्दाम वाढवलेला रंग किंवा चित्राचा भाग म्हणजे ब्लीड. व्हिजिटिंग कार्डे मोठ्या शीटवर एकत्र छापून गठ्ठ्याने कापतात. पाते दाबले जाताना गठ्ठ्यातला कागद किंचित सरकतो आणि काप मिलिमीटरभर चुकू शकतो. रंग नेमका रेषेवरच संपवला असेल, तर कडेला पांढरी चीर दिसते. म्हणून ८९ × ५१ मिमी कार्डाची फाइल चारही बाजूंना ३ मिमी ब्लीड धरून ९५ × ५७ मिमी करतात. नाव, फोन नंबर रेषेपासून तेवढेच आत, ८३ × ४५ मिमीच्या सुरक्षित चौकटीत ठेवावेत. कडेलगत बारीक किनार मात्र काढू नये. अर्ध्या मिलिमीटरच्या फरकानेही ती एकीकडे जाड, दुसरीकडे बारीक दिसते.