एका ओळीसाठी किती लिहायचं?

मंडळी, मागच्या वेळी आपण फिरत्या डिस्कपाशी थांबलो होतो. आज एसएसडीकडे वळू. तिची एक खोड आधी लक्षात घ्या. तिच्यात लिहिलेलं पान जागच्या जागी बदलता येत नाही. नवी प्रत दुसरीकडे लिहावी लागते, आणि जुन्या प्रतींची जागा मोकळी करायची तर शेकडो पानांचा अख्खा ब्लॉक पुसावा लागतो. एक ब्लॉक काही हजार वेळा पुसला की तो झिजतो.

आता हिशेब करू. मायएसक्यूएलच्या इनोडीबी इंजिनात नेहमीचं पान १६ केबीचं. समजा त्यातली १०० बाइटची एक ओळ बदलली. अर्धवट लिहिलेलं पान राहू नये म्हणून इनोडीबी ते पान दोनदा लिहितं, म्हणजे ३२ केबी. बदल १०० बाइटचा, लेखन सव्वातीनशे पटींहून जास्त! पुढे ड्राइव्हची भर. २५६ पानांच्या ब्लॉकमधली १९२ पानं अजून कामाची असतील, तर ती हलवल्यावर मोकळी होतात फक्त ६४. म्हणजे ६४ नव्या पानांमागे एकूण २५६ पानांचं लेखन, चौपट. दोन्हींचा गुणाकार जातो तेराशेच्या घरात. अर्थात एकाच पानातले अनेक बदल मेमरीत साठून एकदम लिहिले गेले, तर हा आकडा बराच उतरतो.

याला उत्तर सापडलं ते जुन्या कागदांत. १९९६ साली पॅट्रिक ओनील आणि सहकाऱ्यांनी एलएसएम-ट्री मांडला, तो फिरत्या डिस्कचा हात कमी हलावा म्हणून. बदल मेमरीत जमवायचे, क्रमाने लावून एकदम फाइलीत लिहायचे आणि फाइली सावकाश एकत्र करत राहायच्या. फेसबुकने २०१२ मध्ये गूगलच्या लेव्हलडीबीवरून रॉक्सडीबी बांधायला घेतलं, तेव्हा हीच कल्पना फ्लॅशच्या कामी आली.

इथे लेखन वाढत नाही असं नाही हं. दर पायरी आधीच्या दहापट मोठी असेल, तर एक ओळ प्रत्येक पायरीवर दहाएक वेळा पुन्हा लिहिली जाऊ शकते. चार पायऱ्या, म्हणजे वाईटात वाईट चाळीस पट. पण सव्वातीनशेपुढे चाळीस! शिवाय मोठ्या फाइली सलग लिहिल्या आणि एकदम पुसल्या जात असल्याने ड्राइव्हची आतली हलवाहलवही कमी होते.

फेसबुकने आपला मुख्य सोशल ग्राफ इनोडीबीवरून मायरॉक्सवर आणला, तेव्हा जागाही जवळपास निम्मी लागली, कारण बी-ट्रीच्या पानांत राहणारी रिकामी जागा इथे नसते. किंमत मोजावी लागली ती वाचनात: एक ओळ शोधायला अनेक फाइली पाहाव्या लागतात. म्हणून ‘या फाइलीत ती नक्की नाही’ असं सांगणारे ब्लूम फिल्टर ठेवावे लागले.

तुमच्या ड्राइव्हची झीज पाहायची असेल तर `smartctl -a` मधलं `Percentage Used` बघा. `Data Units Written` वर विसंबू नका. त्यात फक्त यंत्राने पाठवलेलं लेखन मोजलं जातं, ड्राइव्हने आतल्या आत केलेलं नाही.