सोयाबीन-हरभऱ्याचे पैसे हाती आले. अडकवायचे किती, हाताशी ठेवायचे किती?

सोयाबीनची पट्टी झाली की खात्यात एकदम मोठी रक्कम दिसते आणि एजंटांचे फोनही सुरू होतात. पण हा पैसा पुढचे पीक येईपर्यंत पुरवायचा असतो. म्हणून गुंतवणुकीचा हिशोब खर्चाच्या बाजूने करावा लागतो.

एक उदाहरण पाहू. पाच एकर सोयाबीन, ४० क्विंटल माल, ४,५०० रुपये भाव, म्हणजे नोव्हेंबरात १ लाख ८० हजार. त्यातून ८० हजारांचे पीक कर्ज आधी फेडायचे. तीन लाखांपर्यंतचे पीक कर्ज मुदतीत भरले तर राज्यात पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेत व्याज लागत नाही. मुदत चुकली की सवलत जाते. मग हरभऱ्याच्या पेरणीला २० हजार, फेब्रुवारीपर्यंत घरखर्च महिना ८ हजारांप्रमाणे ३२ हजार. उरले ४८ हजार.

मार्चमध्ये हरभऱ्याचे ९० हजार आले, एकूण १ लाख ३८ हजार. यातच ऑक्टोबरपर्यंतचे आठ महिने काढायचे. मार्च ते मेचे २४ हजार बचत खात्यात राहू द्यावेत. ३४ हजारांची तीन महिन्यांची एफडी करावी. ती जूनमध्ये मोकळी होते आणि पोरांच्या शाळेचे १० हजार व ऑगस्टपर्यंतचा घरखर्च त्यातून निघतो. ३६ हजारांची दुसरी एफडी सहा महिन्यांची, कारण सप्टेंबर-ऑक्टोबरच्या घरखर्चासोबत काढणी-मळणीचे २० हजार द्यावे लागतात. सगळ्याची एकच मोठी एफडी केली तर दहा हजारांसाठी पूर्ण मोडावी लागू शकते, आणि मुदतीआधी मोडली की व्याज कमी मिळते.

राहिले ४४ हजार. त्यातले २४ हजार दवाखाना किंवा दुबार पेरणीसाठी राखीव. नवे पीक कर्ज मंजूर व्हायला उशीर झाला तर बियाण्यालाही हीच रक्कम कामी येते. म्हणजे वर्षाच्या २ लाख ७० हजारांतून खऱ्या अर्थाने अडकवता येतात फक्त २० हजार!

त्यासाठी दर महिन्याचा हप्ता घेऊ नये. जून-जुलैत खाते रिकामे असले की हप्ता बाउन्स होतो, वर बँक दंड लावते. पोस्टातल्या पीपीएफमध्ये वर्षातून एकदाही पैसे भरता येतात. किमान ५०० रुपये. एखाद्या वर्षी पाऊस दगा देऊन गेला तर तेवढ्यावरही खाते चालू राहते. मात्र मुदत १५ वर्षांची आहे, मधेच हवे तसे काढता येत नाहीत, म्हणून राखीव रक्कम इथे टाकू नये.

एफडी कुठे, हेही बघावे. बँकेतील ठेवीला प्रत्येक ठेवीदारामागे पाच लाखांपर्यंत विमा असतो, जिल्हा बँकेतही. पतसंस्थेतील ठेवीला हा विमा नसतो. एक-दोन टक्के जास्त व्याजासाठी पेरणीचा पैसा तिथे ठेवणे परवडत नाही.