मधल्या रेघेची कुळकथा

1932 साली रेन्सिस लिकर्ट या अमेरिकी संशोधकाने कोलंबिया विद्यापीठातला आपला प्रबंध छापला. विषय होता, माणसाची मतं मोजायची कशी? त्याआधी थर्स्टनची पद्धत होती. तिच्यात प्रत्येक विधान किती वजनाचं, हे आधी परीक्षकांच्या मंडळाकडून ठरवून घ्यावं लागे. लिकर्टने तो खटाटोप बाजूला ठेवला. विधान समोर ठेवायचं आणि पाच उत्तरांपैकी एकावर खूण करायला सांगायचं, पूर्ण असहमतीपासून पूर्ण सहमतीपर्यंत, मध्ये ‘ठरवता येत नाही’. उत्तरांना 1 ते 5 गुण द्यायचे आणि बेरीज करायची. (त्याच्या नावाचा उच्चार ‘लिकर्ट’, ‘लायकर्ट’ ही नंतरची सवय.)

या बेरजेत मधल्या माणसाला तीन गुण मिळतात, तेही निमूटपणे. निम्मे जण खूश आणि निम्मे चिडलेले असले काय, किंवा सगळेच ‘ठरवता येत नाही’वर थांबलेले असले काय, सरासरी तीनच. म्हणून निकाल चित्रात दाखवायची गरज पडली आणि शंभर टक्क्यांची रचलेली पट्टी आली: पाच रंगांचे तुकडे एकापुढे एक. तिची खोट अशी की डावीकडचा पहिला आणि उजवीकडचा शेवटचा तुकडाच काठाला टेकतो. ‘सहमत’चा तुकडा प्रत्येक ओळीत वेगळ्या जागी सुरू होतो. क्लीव्हलँड आणि मॅकगिल यांनी 1984 मध्ये प्रयोग करून दाखवलं की एकाच रेषेवरची स्थानं डोळा नेमकी ताडतो; नुसत्या लांबीत तो जास्त चुकतो.

उपाय जुन्या घराण्यात होता. फ्रान्सिस वॉकरच्या 1874 सालच्या अमेरिकी सांख्यिकी नकाशासंग्रहात मधल्या रेघेच्या एका बाजूला पुरुष, दुसऱ्या बाजूला स्त्रिया अशा वयवार पट्ट्या आहेत. तीच मधली रेघ मतांना लावली, की असहमत डावीकडे, सहमत उजवीकडे. नाओमी रॉबिन्स आणि टेम्पल विद्यापीठाचे रिचर्ड हायबर्गर यांनी 2011 मध्ये या आलेखाची बाजू पद्धतशीर मांडली आणि 2014 च्या लेखात त्याची रचना तपशिलात दिली. हा प्रकार त्यांनी शोधला असं म्हणणं बरोबर नाही, पण त्याला नेमके नियम दिले ते त्यांनी. त्यातला महत्त्वाचा नियम असा: तटस्थ तुकडा बरोबर मध्यावर ठेवायचा, अर्धा डावीकडे, अर्धा उजवीकडे.

हा नियम पटण्यासारखा आहे, तरी त्यात एक खोच आहे. समजा, एका कारखान्यात दोन प्रश्न विचारले. कँटीन चांगलं आहे का? असहमत 25 टक्के, तटस्थ 30, सहमत 45. कामगारांची बस वेळेवर येते का? असहमत 35, तटस्थ 5, सहमत 60. आता मध्यावरून मोजा. कँटीनची पट्टी डावीकडे 25 अधिक 15, म्हणजे 40 पर्यंत जाते. उजवीकडे 60 पर्यंत. बसची डावीकडे साडेसदतीस, उजवीकडे साडेबासष्ट. दोन्ही पट्ट्या जवळजवळ एकाच जागी संपतात. बसबद्दलची सहमती पंधरा टक्क्यांनी जास्त आहे, हे टोक सांगत नाही. उलट असहमतीत कँटीनचीच पट्टी लांब, आणि खरे नाराज तर बसवर जास्त!

म्हणजे टोक खोटं बोलतं का? नाही, ते वेगळंच काही सांगतं. उजवं टोक म्हणजे सहमती अधिक अर्धे तटस्थ. त्यातून 50 वजा करा. उरतो तो सहमती आणि असहमती यांच्या फरकाचा निम्मा भाग. कँटीनचा फरक 20, म्हणून 60. बसचा 25, म्हणून साडेबासष्ट. तटस्थांना मध्यावर ठेवणारा आलेख पारडं कुठे झुकलं ते दाखवतो. नुसती सहमती किती, हे त्यात वाचायला गेलात तर फसाल, आणि तटस्थांचे तुकडे ओळीगणिक लहानमोठे असतील तर हमखास फसाल.

मला स्वतःला अशा वेळी तटस्थ तुकडा उचलून बाजूला, वेगळ्या रकान्यात काढणं पसंत आहे. मग सहमती आणि असहमती दोन्ही रेघेलाच टेकतात आणि सरळ तुलना होते. याची किंमत म्हणजे तटस्थ मंडळी चित्राच्या कडेला जातात आणि पारडं कुठे झुकलं ते डोळ्याला जुळवून पाहावं लागतं.

हायबर्गर यांच्या आर भाषेतल्या `HH` संचात मधली रेघ कुठून जाणार, हे एका आकड्यावर ठरतं. पाच स्तंभ असहमतीपासून सहमतीकडे क्रमाने असतील तर:

```r
likert(Question ~ ., survey,
       as.percent = TRUE, ReferenceZero = 3)
```

`3` म्हणजे रेघ तटस्थाच्या पोटातून. `2.5` दिलं तर अख्खा तटस्थ तुकडा उजवीकडे, सहमतीला चिकटून बसतो. `3.5` दिलं तर डावीकडे. स्प्रेडशीटमध्ये हाताने करणारे मात्र एका जागी नेहमी अडखळतात. डाव्या बाजूचे आकडे ऋण करून रचले की प्रत्येक तुकडा शून्यापासून बाहेर वाढत जातो. म्हणून आधी ‘असहमत’ आणि मग ‘पूर्ण असहमत’ हा क्रम द्यावा लागतो. तो उलटला तर सर्वांत गडद लाल रंग रेघेला चिकटतो आणि फिका बाहेर पडतो. चित्र तपासताना आधी तेच पाहावं.