वेग दुप्पट, धडक चौपट! असं का होतं?

समजा, तळोद्याहून अक्कलकुव्याकडे निघालेली एक कार ताशी ४० किलोमीटरने चाललीय. पुढे रस्ता मोकळा दिसला आणि काटा ८० वर गेला. वेग दुप्पट झाला, पण कारची गतिज ऊर्जा मात्र चौपट झाली. कारण तिच्या सूत्रात वेगाचा वर्ग येतो: E = ½mv².

हे उंचीवरून पटकन कळतं. ४० च्या वेगाने भिंतीवर आदळणं म्हणजे साधारण सव्वासहा मीटरवरून, म्हणजे दुमजली घराच्या गच्चीवरून खाली पडण्यासारखं. ८० ला हीच उंची २५ मीटर होते. म्हणजे जवळपास आठ मजले!

धडकेत ही ऊर्जा कारचा पुढचा भाग चेपण्यात जिरते. दोन्ही वेळा तो अर्धा मीटरच चेपला, तर १००० किलोच्या कारवरचं सरासरी बल आधी साडेबारा टन वजनाइतकं असेल आणि नंतर ५० टनांइतकं. प्रत्यक्षात जास्त वेगात पत्राही जास्त चेपतो, त्यामुळे बल यापेक्षा थोडं कमी भरतं. पण चेपायला असलेली जागा संपली, की पुढची पाळी पुढच्या सीटवर बसलेल्यांच्या पायांची असते.