न्यायिक दखल, कबुली आणि कबुलीजबाब (भारतीय पुरावा कायदा)

न्यायालयात प्रत्येक वस्तुस्थिती पुराव्याने शाबीत करावी लागते, या नियमाला न्यायिक दखल आणि पक्षकाराची कबुली हे अपवाद आहेत. भारतात ते पूर्वी भारतीय पुरावा अधिनियम, १८७२ च्या कलम ५६ ते ५८ मध्ये होते. १ जुलै २०२४ पासून ते भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ५१ ते ५३ मध्ये आहेत.

== न्यायिक दखल ==
देशातील कायदे, राष्ट्रध्वज, कालगणनेचे विभाग, रस्त्यावरील वाहतुकीचा नियम अशा बाबी न्यायालय साक्षीशिवाय मान्य करते आणि त्यासाठी योग्य संदर्भग्रंथ पाहू शकते. चांदण्यात आरोपीला पाहिल्याचे साक्षीदार सांगत असेल, तर त्या रात्री अमावास्या होती हे पंचांगावरून ठरवता येते. आकाश ढगाळ होते काय, याला मात्र साक्षच लागते. न्यायाधीशाची खाजगी माहितीही येथे चालत नाही.

== कबुली ==
वादग्रस्त किंवा संबद्ध वस्तुस्थितीविषयी अनुमान सुचवणारे पक्षकाराचे विधान म्हणजे कबुली. भाडेकरूने लेखी कैफियतीत भाडेकरार मान्य केला, तर तो घरमालकाला शाबीत करावा लागत नाही; तरीही न्यायालय स्वेच्छाधिकारात अन्य पुरावा मागू शकते. कबुली निर्णायक पुरावा नसते. ती चुकीने दिली होती, असे दाखवता येते.

== कबुलीजबाब ==
‘कबुलीजबाब’ या शब्दाची व्याख्या अधिनियमात नाही. ती प्रिव्ही कौन्सिलने पकाला नारायण स्वामी वि. सम्राट (१९३९) या निकालात घालून दिली. मार्च १९३७ मध्ये पुरी रेल्वे स्थानकावर एका ट्रंकेत एका पुरुषाचे प्रेत सापडले. मृत व्यक्ती आपल्या घरी आली, तेथे झोपली आणि नंतर गाडीने निघून गेली, असे आरोपीने अटकेपूर्वी पोलिसांना सांगितले होते. हे विधान त्याला अडचणीचे होते, पण त्यात गुन्ह्याची कबुली नव्हती. लॉर्ड ॲटकिन यांच्या मते कबुलीजबाबात गुन्हा, किंवा निदान तो घडवणारी जवळजवळ सर्व वस्तुस्थिती, मान्य केलेली असली पाहिजे. ज्या सुऱ्याने खून झाला तो आपला आहे, एवढे म्हणणे कबुलीजबाब ठरत नाही.

या फरकाचे परिणाम मोठे आहेत. धमकी, प्रलोभन किंवा बळजबरीने घेतलेला कबुलीजबाब फौजदारी खटल्यात ग्राह्य नसतो (कलम २२), आणि पोलिस अधिकाऱ्यापुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध शाबीत करता येत नाही (कलम २३). कोठडीतील आरोपीच्या माहितीवरून वस्तू सापडली, तर त्या शोधाशी स्पष्टपणे निगडित तेवढाच भाग स्वीकारला जातो. साध्या कबुलीला ही कलमे लागत नाहीत. परंतु म्हणून ती आपोआप ग्राह्य ठरते असेही नाही: पकाला प्रकरणातील विधान कबुलीजबाब नसूनही, तपासात पोलिसांपुढे केलेले असल्याने तत्कालीन फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १६२ खाली वगळले गेले. इतर पुराव्यावर शिक्षा कायम राहिली.